खाली ‘डबा’ लिहा

माझ्या पोरीचं नाव दीक्षा, आणि तिला मी सांगितलेलं पटलं नाही तर ती तसं तोंडावर सांगते. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं मी तिचं कौतुक करणार आहे आणि ते ऐकून कुणाला वाटायचं की ही आई म्हणजे नुसतं लोणी लावणारी बाई. नाही हो. आमच्यात रोज खटके उडतात.

मी शेवंता. राहनाळच्या एका गोदामात चौदा वर्षं पॅकिंगला आहे, त्यातली सहा वर्षं लाइनची सुपरवायझर. दीक्षा अंजूरफाट्याला भूपेश सरांच्या प्रशिक्षण केंद्रात कामाला लागली. तिथं गोदामाचं काम शिकवतात, स्कॅनर चालवणं, माल चढवणं-उतरवणं, कॉम्प्युटरवर नोंद करणं. सरांनी फक्त बायकांची पहिली बॅच काढायचं ठरवलं आणि केंद्राचं इन्स्टाग्राम दीक्षाच्या हातात दिलं. पंचवीस तारखेपर्यंत वीस बायका नाही आल्या तर बॅच बंद, आणि दीक्षाचं कामही बंद. सरांनी चहा पाजून सांगितलं, पण सांगितलं ते तेच.

मग एका रविवारी पोरगी वही घेऊन माझ्यासमोर बसली. “आई, गोदामात पहिल्यांदा जाणाऱ्या बाईला काय काय माहीत पायजे, सांग.”

मी भाजी निवडत सांगत गेले आणि ती लिहीत गेली. अस्सल आधारकार्ड कुणाच्या हातात सोडायचं नाही, झेरॉक्स द्यायची. पीएफचा नंबर पहिल्याच महिन्यात मागून घ्यायचा. खोकं उचलताना कंबर वाकवायची नाही, गुडघे वाकवायचे. कामाला लावतो म्हणून पैसे मागणाऱ्याला दारातूनच वाटेला लावायचं. आत जाण्याआधी विचारायचं, बायकांचं संडास-बाथरूम कुठं आहे, पाणी कुठं आहे. विचारायची लाज वाटली तर दिवसभर पोट धरून बसावं लागतं, हे मी स्वतः भोगलंय. दीक्षाने त्याची आठ पानांची फाईल केली. ‘गोदामातला पहिला दिवस’. मराठीत आणि हिंदीतही, कारण इथल्या पॉवरलूमवर काम करणाऱ्यांच्या बायका हिंदी वाचतात. हे गाईड फुकट द्यायचं, ज्यांना उपयोगी वाटेल त्या केंद्रात येतील, असा तिचा हिशेब होता.

पण पहिली रील सरांनी लिहून दिली. दीक्षा कॅमेऱ्यासमोर उभी राहून ओरडली, “थांबा! आयुष्य बदलायचंय? आत्ताच कमेंट करा ‘नोकरी’! फॉलो करा, तीन मैत्रिणींना टॅग करा! गाईड फक्त पहिल्या पन्नास जणींना!”

मी ती बघितली आणि माझं डोकंच फिरलं. “काय गं, कागद संपतो. फोनातली फाईल कशी संपंल? पन्नासानंतर काय हुईल तिला?”

“सर म्हणाले, घाई दाखवली की लोक लिहितात.”

“घाई नोकरीच्या नावानं फसवणारे दाखवतात. एसटी स्टँडावर चिठ्ठ्या वाटणारे.”

लोकांनाही तसंच वाटलं. चार दिवसांत खाली नऊ कमेंट. ‘किती पैसे भरायचे?’ ‘फ्रॉड आहे’. चार हसणारे चेहरे. फक्त तिघींनी ‘नोकरी’ लिहिलं होतं. कुणी तो शब्द लिहिला की मशीन आपोआप मेसेज पाठवायचं, आणि त्या मेसेजात गाईडच्या आधी फोन नंबर मागितला होता. तिघींपैकी एकीनेही दिला नाही. मीही दिला नसता. दीक्षा त्या दिवशी जेवली नाही. मला वाईट वाटलं आणि त्याहून जास्त राग आला, पण कुणावर काढावा ते कळेना.

दुसऱ्या दिवशी दुपारपाळीला जाताना मृणाली भेटली. आमच्या गल्लीच्या टोकाला केसरीनाथचं तीन मजली घर आहे, त्यांची सून. बी.कॉम. झालेली. केसरीनाथच्या शेतावर आता गोदामं उभी आहेत, भाडं येतं, घरात काही कमी नाही. फक्त सुनेनं बाहेर पडायचं नाही. “आमचे जाग्यान गोदाम उभं हाय, न आमचीच सून तिथं खोकी उचलंल?” असं त्यांचं म्हणणं साऱ्या गावाला पाठ होतं.

मृणालीने इकडंतिकडं बघितलं आणि हळूच म्हणाली, “काकी, दीक्षाची रील बघितली. मला पायजे होतं ते गाईड.”

“मग लिहायचं ना खाली.”

“कसं लिहू? माझ्या नावासकट ‘नोकरी’ दिसंल तिथं. माझा दीर बघतो, नणंद बघते, अख्खं राहनाळ बघतं. संध्याकाळी घरात पंचायत बसंल.”

मी तिथंच उभी राहिले. चौदा वर्षांत किती बायका मला अशा कोपऱ्यात गाठून विचारून गेल्या असतील! कुणीच कधी चारचौघांत विचारलं नव्हतं. आणि आम्ही मायलेकी त्यांना म्हणत होतो, भर चौकात उभं राहून ओरडा, मला काम पायजे. चूक सरांच्या ओरडण्याची होतीच, पण शब्दाचीही होती, आणि ती मलासुद्धा दिसली नव्हती.

पाळी संपवून घरी आले ती चप्पल न काढताच दीक्षाला सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे शब्द असा पायजे, की तो लिहिला तरी कुणाला काय कळायला नको.”

“आणि लिहायला सोपा.”

तिची नजर ओट्यावर गेली. माझा स्टीलचा डबा तिथं पालथा घातला होता. “डबा,” ती म्हणाली.

पुढचं सगळं तिने केलं आणि मी नुसती बघत राहिले. सरांसमोर जाऊन बसली. “सर, एकदा माझ्या पद्धतीने करून बघू द्या. न्हाय जमलं तर मी स्वतः काम सोडते.” पन्नासची अट काढली. टॅग काढला. फॉलो करायची सक्ती काढली. फोन नंबर काढला. सर म्हणाले, “मग आपल्या हातात राहिलं काय?” तेव्हा माझी पोरगी म्हणाली, “त्यांचा विश्वास.” हे मला सरांनीच नंतर सांगितलं, आणि सांगताना ते हसत नव्हते.

या वेळी कॅमेऱ्यासमोर तिने मला उभं केलं. मी म्हटलं, मी काय बोलू? ती म्हणाली, “लाइनवर नव्या बाईशी बोलतेस तसं बोल.” मग बोलले. डबा हातात घेतला. पहिल्या दिवशी डब्यात काय न्यायचं, पाण्याची बाटली का न्यायची, खोकं कसं उचलायचं, ते उचलूनच दाखवलं. कामाच्या तीन गोष्टी तिथंच सांगून टाकल्या, काही राखून ठेवलं नाही. शेवटी म्हटलं, “बाकीचं आठ पानांत लिवलंय. फुकट हाय. पायजे असंल तर खाली ‘डबा’ लिवा, मेसेजात येईल. खाली लिवायचं नसंल तर सरळ मेसेजातच लिवा, तरी मिळंल. कुणी नंबर मागणार न्हाय. नको असंल तरी हरकत न्हाय, पण गुडघं वाकवायचं तेवढं ध्यानात ठेवा.”

मशीनलाही तिने माणसासारखं वागायला शिकवलं. कुणी डबा, डब्बा, डब्बे, इंग्रजी अक्षरांत काहीही लिहिलं तरी त्याला कळलं पाहिजे. कमेंटखाली उत्तर एवढंच, ‘पाठवलंय, मेसेज रिक्वेस्टमध्येही बघा’, कारण आपल्याला फॉलो न करणारीचा मेसेज तिकडं जाऊन लपतो. पहिल्या मेसेजात फाईल नाही, आधी विचारणं. पाठवू का? खाली एक बटण. ते दाबलं की गाईड, आणि त्यानंतर मशीन गप्प.

रील टाकायच्या आधी म्हणाली, “आई, तू लिहून बघ.” मी माझ्या फोनवरून बोट चाचपडत ‘डबा’ लिहिलं. टिंग झालं. मेसेज उघडला.

‘जय भीम, नमस्कार, आदाब. हा मेसेज आपोआप आला आहे, पण काही विचारलंत तर उत्तर मी दीक्षा स्वतः देईन. हे गाईड माझी आई शेवंता हिने चौदा वर्षांच्या कामातून सांगितलं आहे. पाठवू का?’

चौदा वर्षांत लाखो खोक्यांवर मी पट्टी मारली. त्यातल्या एकावरही माझं नाव नव्हतं, असायचं कारणही नव्हतं. मी बटण दाबलं. पहिल्याच पानावर पुन्हा माझं नाव, मोठ्या अक्षरात. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. दीक्षा म्हणाली, “चाललं ना बरोबर?” तिला मशीनची काळजी पडली होती.

पहिल्या दिवशी चाळीस डबे. आठवड्यात सहाशेच्या वर. पुरुषांनीही लिहिलं, शाळेतल्या पोरींनीही, आणि एका काकांनी डबा लिहून खाली जेवण छान दिसतंय असंही लिहिलं. एवढ्या गर्दीत काम शोधणारी बाई कोणती आणि सहज लिहिणारी कोणती, कुणाला ओळखू येणार? त्यात एक डबा मृणालीचा होता. तिच्या दिरानेही लिहिला होता.

मेसेजात प्रश्न आले. सुटीचं काय, पाळीला गाडी येते का, नवऱ्याला कसं सांगू. दीक्षा एकेकीला उत्तर देत बसायची, न कळलेलं मला विचारायची. बॅचचं नाव ती विचारल्याशिवाय काढायची नाही. बावीस तारखेला सतरा नावं झाली. चोवीसला एकोणीस.

पंचवीसला सकाळी केसरीनाथ आमच्या दारात. मी पदर खोचला. भांडायची पूर्ण तयारी केली, शब्दसुद्धा ठरवले. ते आत आले नाहीत, उंबऱ्यापाशीच उभे राहिले. हातात त्यांचा फोन, त्यावर आमचं गाईड.

“शेवंता, ये तूच सांगलंस?”

“मीच. काय चुकलंय?”

“सूनेनं काल रातचं जेवताना सगल्यांना वाचून दाखवलं. बाथरूमचं पान.” त्यांनी फोन खिशात घातला. “माझे गोदामान बायकांचं न्हाय. चार वर्सं भाडं घेतंय, कवा बघलंच न्हाय. कितीक लागतीन, सांग.”

मी खोचलेला पदर सोडला. मी म्हटलं, पंचवीस बायकांना निदान दोन तरी. त्यांनी मान हलवली आणि जिन्यावरून उतरता उतरता म्हणाले, “न सूनंचं नाव लिव तिकडं.”

विसावं नाव मी स्वतःच्या हाताने लिहिलं.

दोन महिने झाले त्याला. परवा दुपारी दीक्षा फोन घेऊन हसत हसत स्वयंपाकघरात आली. ती पहिली रील, ती ओरडणारी, तिने अजून काढली नव्हती. चुकलेलं समोर राहिलेलं बरं, म्हणते. तिच्याखाली नऊच कमेंट होत्या. आता दहावी आली होती. पूर्ण नावासकट, फोटोसकट, अख्ख्या राहनाळच्या डोळ्यांसमोर मृणालीने लिहिलं होतं, ‘मला नोकरी लागली.’

“आई,” दीक्षा म्हणाली, “‘नोकरी’ हा जुना शब्द मी मशीनमधून काढायला विसरले. तिला पुन्हा गाईड पाठवू का म्हणून मेसेज गेला.”

“मग?”

“तिने बटण दाबलं. म्हणते, नणंदेला पायजे.”