मिलची पांढरी माती

नत्थूलाल पटलेंची राइस मिल गोरेगावच्या बाहेर धानशेतांच्या बांध्यांना लागून होती. ती बंद पडून सात वर्षं झाली होती आणि आता तिथं मंगल कार्यालय उभं राहणार होतं. पाडापाडी करणारा ठेकेदार मात्र शहाणा निघाला. मिलमध्ये ॲस्बेस्टॉस कुठं कुठं आहे याची तपासणी करून कुणीतरी सही करावी, त्याशिवाय आपण हातोडा उचलणार नाही, असं त्यानं स्पष्ट सांगितलं. म्हणून गोंदियाहून ही तपासणी करणारा राजदीप मेश्राम आला होता.

छताचं काम सोपं होतं. सिमेंटचे पत्रे जुने होते, पण धड होते. राजदीपनं मिलमालक पटले सेठना समजावलं, "पत्रा फोडायचा नाही, कापायचा नाही, वरून फेकायचा तर मुळीच नाही. ओला करायचा, नटबोल्ट सोडवायचे अन् एकेक अख्खा खाली उतरवायचा. तंतू सिमेंटमध्ये बांधलेला असतो. फुटला का सुटला, अन् सुटला का छातीत गेला. वीस-तीस वर्षांनी रोग दिसते, तोवर कोणाले आठवतही नाही."

"बिल्कुल साहेब, तुमी म्हणाल तसं," सेठ म्हणाले. फार पटकन म्हणाले. इतक्या पटकन मान डोलावणाऱ्या माणसांचा राजदीपला अनुभव होता, आणि तो चांगला नव्हता.

बॉयलरच्या खोलीत त्याचे पाय थबकले. ही उसना, म्हणजे उकड्या तांदळाची मिल. धान उकडायला दिवसरात्र वाफ लागायची. अशा ठिकाणी वाफेच्या पायपांवर पांढऱ्या लेपाचा जाड थर असतोच, नाहीतर उष्णता वाटेतच उडून जाते. इथले पाइप मात्र उघडे होते आणि ताजे खरवडलेले दिसत होते.

"यावर काय होतं, सेठजी?"

"थर्माकोल होता. उंदरायनं खाल्ला."

वाफेच्या पायपावर थर्माकोल! राजदीपला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोचायच्या आत विरलं. तो बॉयलरच्या मागं सरकला. तिथं एका वाकणाला, हात पोचत नाही अशा जागी, लेपाचा तुकडा राहिला होता आणि त्यातून बारीक केसांसारखे तंतू बाहेर आले होते. पत्र्यातल्यासारखे हे बांधलेले नव्हते. बोट लावलं तरी भुगा होऊन हवेत गेले असते. त्यानं दोन्ही बाजूंना गोल गाळण्या असलेला मास्क चढवला, साबणाचं पाणी फवारलं आणि ओला तुकडा कापून घेतला. तो दुहेरी पिशवीत बंद करून नंबर टाकला आणि कापलेल्या जागेवर चिकटपट्टी लावली. डोळ्यांनी पाहून कुणी छातीठोक सांगू शकत नाही. ते प्रयोगशाळेच्या सूक्ष्मदर्शकाखालीच ठरतं.

सेठ दारातच उभे होते. खोलीत त्यांनी एकही पाऊल टाकलं नाही, आणि हे राजदीपनं बरोबर टिपलं.

दुपारी मिलच्या मागच्या वस्तीतल्या रविताबाईनं त्याला चहाला हाक मारली. ती या मिलमध्ये पंधरा वर्षं धान वाळवायला होती. राजदीप वाकून आत शिरला तर समोर चूल. गुळगुळीत, पांढरी. चूल कसली, देव्हाराच म्हणा. ती हात फिरवत कौतुकानं सांगू लागली, "पाहा न भाऊ, एक भेग नाई! मिलची पांढरी माती हाये. आधी बॉयलरवाला मिस्त्री एखादी मूठ द्यायचा, तेच्यासाठी भांडणं होत. यंदा तं सेठनं सोताच बोलावून चुंगडी-चुंगडी, पोते भरभरून वाटली. आमीच खरवडून आणली. सत्तावीस घरी चुली लिपल्या-पोतल्या."

चहाचा कप राजदीपच्या हातातच राहिला. घातक कचरा काढायचा तर खोली प्लास्टिकनं बंद करावी लागते, आतली हवा ओढून गाळणारं यंत्र लावावं लागतं, माणसांना अंगभर कपडे आणि मास्क द्यावे लागतात, ओला लेप जाड दुहेरी पिशव्यांत भरून, ठसा मारून, अधिकृत डेपोत पुरावा लागतो. आणि इथं तो दातृत्वाच्या नावाखाली बायकांच्या डोक्यावर देऊन मोकळं होणं किती सोपं! बॉयलरही साफ आणि पुण्यही पदरात. त्याला शिसारी आली, इतकी की तो अंगणात जाऊन थुंकला.

"काऊन भाऊ, चहा बिघडला का?"

"नाही बाई. पण काही दिवस दुसऱ्या जागी रांधा. ही चूल झाडायची नाही, खरवडायची नाही, वरून पोतायची नाही. मी नमुना नेतो." त्यानं चुलीची कड ओली करून तुकडा घेतला आणि ओल्या चादरीनं चूल झाकली. खरं कारण सांगायला मात्र त्याची जीभ वळेना. अहवाल येईपर्यंत सांगायचं नाही, असं त्यानं स्वतःला बजावलं, आणि त्याबद्दल त्याला स्वतःचाही थोडा राग आला.

चार दिवसांनी निकाल आला. वाकणावरचा तुकडा आणि चुलीचा तुकडा, दोन्हीत ॲस्बेस्टॉस. राजदीप थेट सेठच्या घरी गेला. अंगणातल्या खाटेवर बसूनच त्यानं कागद पुढं केला.

"वाकणावरच्यात पंधरा टक्के निघालं."

"पंधरा कसं?" सेठ बोलून गेले. "त्यायनं तं बारा सांगतलं होतं."

बोलून झाल्यावर त्यांचं तोंड उघडंच राहिलं. राजदीपच्या डोक्यात प्रकाश पडला. म्हणजे या माणसाला माहीत होतं. आधीच दुसऱ्या कुणाकडून तपासून घेतलं होतं, विष आहे हे कळलं होतं, आणि मग चुंगड्या वाटल्या होत्या. इतकी ओंगळ गोष्ट त्यानं कुठल्या नाल्यावरही पाहिली नव्हती.

"चुलीत गेलं तं जळून जाईल, असं वाटलं मले," सेठ पुटपुटले.

"चुलीच्या आचेनं हे जळत नाही, सेठजी. म्हणूनच तर बॉयलरवर लावत होते."

तेवढ्यात ललिताबाई, सेठची बायको, पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. शेवटचे शब्द त्यांच्या कानावर पडले होते. त्यांनी कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथं पाणी तापवायची चूल होती. पांढरी, गुळगुळीत.

"ही पन तेच माती होय. रविताकडून दोन घमेले आणले मी." त्यांचा आवाज खाली आला. "रुचि रोज तिथंच बसते. नखानं खरडून चित्र काढते."

रुचि म्हणजे नात, चार वर्षांची. सेठ खाटेवरून उठले आणि फावडं घेऊन चुलीकडे धावले. राजदीपनं ओरडून त्यांना अडवलं, फावडं हातातून काढून घेतलं, पाणी फवारून चूल चिंब केली आणि प्लास्टिकनं झाकली.

"साहेब, हे आज काढा! मानसं आजच बोलवा! बाकीच्यायचं मंग पाहू." मग हात जोडून ते हळूच म्हणाले, "अन् अहवालात माह्या घरचं नाव नका टाकू."

राजदीपच्या अंगावर पाल चढल्यासारखं झालं. त्यानं फॉर्म काढला आणि सत्तावीसऐवजी अठ्ठावीस चुली लिहिल्या.

"बाकीच्यायचं मंग कायले पाहायचं?" ललिताबाई नवऱ्यावर तडकल्या. "तुमीच वाटली न? आता तुमीच जा. घरोघर. तुमच्या तोंडानं सांगा."

त्या पुढं निघाल्या, म्हणून सेठना निघावं लागलं. पहिलं घर रविताबाईचं. सेठ स्वतः दाराशी आलेले पाहून ती लगबगीनं बाहेर आली, पदर सावरला आणि पायाला हात लावायला वाकली.

"लय उपकार झाले, सेठ. अशी चूल जल्मात नव्हती माही."

सेठनी राजदीपकडे पाहिलं. राजदीपनं मान फिरवली नाही आणि त्यांच्या वतीनं तो एक शब्दही बोलला नाही.