दोन आण्यांचं तत्त्व

माणसाला तत्त्व असावं, असं मी चौतीस वर्षं रत्नागिरीच्या शाळेत मुलांना घसा फोडून शिकवलं. मुलांनी ते मनावर घेतलं नाही आणि सुखी झाली. मी मात्र घेतलं.

माझी धाकटी बहीण सावित्री विधवा होऊन मुंबईहून आली ती माझ्या बिऱ्हाडामागची एक खोली भाड्याने घेऊन राहिली. "माझ्याकडेच जेवत जा, पेन्शन दोघांना पुरेल," असं मी म्हणालो होतो. ती म्हणाली, "भावाच्या ताटात जेवायचं, तर दिराची चूल काय वाईट?" दीर काशीराम आंजर्ल्याला. घरात अकरा माणसं, बायको आजारी. त्याची पत्रं यायची, "वहिनींनी पावसाळ्याआधी इकडे यावं." काळजी वहिनींची नव्हती, स्वयंपाकाची होती.

सावित्रीने त्याला एक वर्षाची मुदत मागितली. हातातल्या पाटल्या मोडल्या, पावस गावचे रायवळ आंबे घेतले आणि वैशाखाच्या उन्हात ताटांवर ताटं आंबापोळी घातली. अशी पोळी मी जन्मात खाल्ली नाही, हे आता बोलून काय उपयोग!

"हंगाम साधला तर मी इथंच," ती म्हणाली, "नाय तर आंजर्ल्याला भांडी घासायला."

मुंबईच्या एका साप्ताहिकात मी जाहिरात दिली. दोन पौंडांचा डबा, टपालखर्चासह दोन रुपये, व्ही. पी. ने पाठवू. अठरा मागण्या आल्या. सावित्री अक्षरशत्रू, म्हणून फॉर्म मी भरायला बसलो आणि तिथेच आमचं वाजलं.

व्ही. पी. चा कारभार ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पाठवणाऱ्याने आपल्याला किती हवेत तो आकडा फॉर्मावर लिहायचा. पोस्टमन गिऱ्हाइकाकडून तो आकडा आणि वर मनीऑर्डरचं कमिशन वसूल करतो. दहा रुपयांपर्यंत दोन आणे. मग पैसे मनीऑर्डरीने आपल्या घरी येतात. म्हणजे मी दोन रुपये लिहिले तर गिऱ्हाइकाला दोन रुपये दोन आणे पडणार. त्याला दोनच पडावेत असं वाटत असेल तर मी एक रुपया चौदा आणे लिहायचे आणि दोन आणे आपण सोसायचे.

"एक-चौदा लिही," सावित्री म्हणाली.

"का? माल आपला, आणे का सोडायचे? कमिशन म्हणजे टपालखर्च नव्हे. पैसे पोचवण्याची ती मजुरी. जो मागवतो त्याने ती द्यावी, हा न्याय आहे."

"दादा, न्याय तुझ्याजवळ ठेव. गिरगावात आम्ही असताना ह्यांनी खोकल्याचं औषध मागवलं होतं व्ही. पी. नं. कचेरीत जाताना फळीवर एक रुपया ठेवून गेले. दुपारी पोस्टमन आला, तर म्हणे वर दोन आणे द्या. माझ्याकडे कुठले? शेजारी मागायची लाज वाटली. औषध परत गेलं आणि संध्याकाळी बोलणी मी खाल्ली. मागवतो बाप्या नि दारात उभी राहते बाई. तिच्या मुठीत मोजून ठेवलेले पैसे असतात."

"सात दिवस टपालात थांबतं पार्सल. नवऱ्याने येऊन सोडवावं."

"नवरा पार्सल सोडवत नाय. बायकोवर ओरडतो नि विसरून जातो. तू एक-चौदा लिही."

"बरं," मी म्हणालो.

आणि अठराच्या अठरा फॉर्मांवर दोन रुपये लिहिले. तिच्यासमोर, तिच्या डोळ्यांदेखत. ती माझ्या टाकाकडे बघत होती, तिला कळत नव्हतं. मला वाटलं, दोन आण्यांप्रमाणे अठरा डब्यांचे सव्वादोन रुपये जास्त आले की तिच्या हातावर ठेवू आणि सांगू, बघ, तत्त्वाने माणूस बुडत नाही. मी तिच्या भल्यासाठीच केलं, असं मला खरोखर वाटत होतं. हीच माझी सगळ्यात मोठी लबाडी.

सात मनीऑर्डरी आल्या. विठू पोस्टमन दर वेळी दोन रुपये मोजून द्यायचा, सावित्री अंगठा उठवायची. पहिल्याच वेळी ती म्हणाली, "हे दोन आणे जास्त कसे?" मी म्हणालो, "हिशोब मी बघतो." तिने विश्वास ठेवला. मास्तराच्या बहिणीने मास्तरावर ठेवायचा नाही तर कोणावर ठेवायचा?

मग मृगात विठू गोणपाट पांघरून दारात उभा राहिला. "मास्तर, तुमचीच पार्सलां परत आली हायत."

एकूण अकरा. बहुतेकांवर पेन्सिलीने खरडलेलं, 'घेण्यास नाकारले.' जाताना भरलेला टपालखर्च बुडाला तो बुडालाच. त्यात दमट हवेत येताना पोळीला बुरशी धरलेली. सावित्री एकेक डबा उघडून वास घेत होती आणि बाजूला ठेवत होती. त्याच टपालात एका गिऱ्हाइकाचं कार्ड होतं. "काय लिहिलंय, वाच," ती म्हणाली. खोटं वाचता आलं असतं. चौतीस वर्षांची सवय आड आली, आणि जे होतं ते वाचून गेलो.

"जाहिरातीत दोन रुपये, आणि दारात दोन रुपये दोन आणे! मंडळींजवळ दोनच ठेवले होते. चारचौघांत त्यांची शोभा झाली. असला व्यवहार बरा नव्हे."

सावित्रीने हातातला डबा खाली ठेवला. "दोन आणे वर कसे मागितले त्यांनी? तू एक-चौदा लिहिलं होतंस ना?"

मी कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं.

"दादा, लिहिलं होतंस ना?"

"दोन लिहिले," मी म्हणालो. "तत्त्व म्हणून."

ती रडली असती तर बरं झालं असतं. तिने अकराही डबे परसात नेऊन गाईपुढे रिकामे केले. गाईनेही ते हुंगून सोडले. पुढच्या आठवड्यात ती आंजर्ल्याला गेली. थांब म्हणायला मला तोंड नव्हतं. निघताना ती वाकून पाया पडली. त्या नमस्काराने मला जेवढं मारलं तेवढं शिव्यांनी मारलं नसतं.

पुढच्या वैशाखात त्याच साप्ताहिकात जाहिरात दिसली. काशीराम, मुक्काम आंजर्ले. आंबापोळी, दोन पौंडांचा डबा. 'दारात रोख दोन रुपये, वर एक पैही नाही.' वाक्य कोणाचं आहे ते मी ओळखलं. कार्ड टाकून मी एक डबा मागवला.

विठू आला. मी दोन रुपये पुढे केले. दुसऱ्या मुठीत दोन आणे तयार होते, का कोण जाणे.

"वर किती?"

"वर काय नाय, मास्तर. फॉर्मावर एक-चौदाच लिवलंय. हुशार हाय हा आंजर्ल्याचा माणूस. म्हणतात, परत काय येतच नाय त्याचं."

मनीऑर्डर त्या हुशार माणसाच्या नावाने जाणार होती. दार लावून डबा उघडला. पोळीच्या कडा आत दुमडलेल्या, ती दुमडायची तशाच. उभ्या उभ्या एक तुकडा खाल्ला. मग सगळ्या घड्या उलगडून पाहिल्या, कागद झटकला, डब्याच्या तळाशी बोट फिरवलं. मला वाटलं, दोन ओळींची चिठ्ठी असेल.

चिठ्ठी नव्हती. कशी असेल? अर्ध्या रत्नागिरीला मी अक्षरं शिकवली, तिला शिकवली नव्हती.