लीलाअक्कांचा नंबर

दिवाळीची दहा दिवसांची सुट्टी संपवून मृणालीने धुळ्यातलं कानाच्या मशीनचं दुकान उघडलं, तेव्हा दुरुस्तीला एकतीस मशीन पडून होती. हात तिचे एकटीचेच. दिवसाला सहाच्या वर होत नसत. या वेळी तिने मशीन आल्याच्या तारखेचा क्रम पाळला नाही. ज्यांच्याकडे दुसरं मशीन नव्हतं त्यांची आधी घेतली, त्यातही एकट्या राहणाऱ्यांची सगळ्यांत पुढे.

बाकीच्यांना फोन करून तिने सांगितलं, "उद्या येऊ नका, शनिवारी मिळेल." काही जण चिडले.

नरडाण्याच्या निवृत्त शिक्षिका लीलाअक्का एकट्याच राहत. त्यांचा फोन वाजून वाजून थांबला, ऐकणार कोण? मग मृणालीने मेसेज लिहिला, "अक्का, तुमचं मशीन पहिलं उघडलं, पण आतला स्पीकर गेलाय. नवा गुरुवारी येईल. त्याआधी जमणार नाही."

उत्तर आलं, "खरं सांगितलंस, बरं वाटलं. मला घाई नाही, दिवाळीतही कुणी आलं नाही. ज्यांच्या घरात बोलणारं माणूस आहे, त्यांचं आधी कर."

मृणालीच्या घरीही त्या दहा दिवसांत कुणी फिरकलं नव्हतं. तिने लिहिलं, "तुमचा पहिला नंबर बदलणार नाही, अक्का. गुरुवारी मीच घेऊन येते." आणि पुढचं मशीन उघडलं.