सुतक नसलेला पुतण्या

आत्या बाथरूममध्ये घसरली नी खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा डॉक्टरांनी सळई घालून सांगितलं, जिना बंद. तिचं घर दांडिया बाजारात, दुसऱ्या मजल्यावर. जिना असा की धडधाकट माणसाने पण कठडा धरून चढावा. म्हणून बाबांनी तिला आमच्या हरणीच्या टेनामेंटमध्ये, बैठ्या घरात आणलं. तेव्हा मी दहावी नापास होऊन घरी बसले होते, म्हणजे बसले कुठे, लूना घेऊन दिवसभर भटकायचे. आईने आत्याला माझ्या गळ्यात बांधलं. मला काही वाईट नाही वाटलं. घरात माझ्यावर न ओरडणारी ती एकच बाई.

आई तिला काही बोलायची नाही. पण आत्या सगळे उठायच्या आत गादी गुंडाळून ठेवायची नी खाटेच्या कडेला बसायची, एसटी यायची असेल तशी. मी म्हटलं, जरा पसरून बस की. तर म्हणाली, "पसरायला आपलं घर लागतं, रूपाली."

ते घर भाड्याचंच होतं. पण काकांच्या, म्हणजे आत्याच्या गेलेल्या नवऱ्याच्या, लग्नापासूनचं, जुन्या भाड्याचं. त्या भाड्यात आता पाववाला महिनाभर पाव पण देणार नाही. मालक उदयसिंहकाका खालीच राहायचे. जुन्या संस्थानच्या फौजेतल्या घराण्यातले, पांढऱ्या मिशा, बोलणं कमी. त्यांचा मुलगा समरजित मात्र बिल्डरांबरोबर फिरायचा. जुने भाडूत निघाले की इमारत पाडायची, असं तो पानाच्या गल्ल्यावर, म्हणजे टपरीवर, उघड बोलायचा. कायद्यामुळे उगाच काढता येत नव्हतं, म्हणून तो कारणाची वाट बघत होता.

आत्याला कोणीतरी सांगितलं की घर सहा महिने बंद राहिलं तर मालक तेवढ्यावरून पण ताबा मागू शकतो. ती घाबरली. बाबांच्या ओळखीने जनार्दन मिळाला. रिफायनरीत कंत्राटदाराकडे फिटर, नाशिककडचा, नवीन लग्न झालेला. त्याची बायको नयना. ठरलं ते असं : ते राहणार, दर महिन्याला आत्याला भाडं देणार, आत्या त्यातून मालकाला त्याचं जुनं भाडं देणार. घर पण उघडं राहील, औषधं पण निघतील. मालकाला विचारलं तर तो नाहीच म्हणणार, म्हणून विचारलं नाही. सांगितलं की हा माझ्या चुलत दिराचा मुलगा, इथे नोकरी लागली, मी परत येईपर्यंत घर सांभाळेल.

जनार्दनला आत्याने खाटेवर बसून नीट पढवलं. मला काकू म्हणायचं. आडनाव माझंच, जगदाळे सांगायचं. कोणी जास्त विचारलं तर ड्यूटीची वेळ झाली म्हणायचं. तो बिचारा मान हलवत होता. नयनाला मात्र हसू येत होतं. ती माझ्यापेक्षा जेमतेम चार वर्षांनी मोठी, आमची लगेच गट्टी जमली. मी दर दोन दिवसांनी जायचे. आत्याच्या कुंड्यांना तिने स्वतःच्या असल्यासारखं पाणी घातलं होतं. थोड्या महिन्यांनी तिला दिवस गेले. मी आत्याला सांगितलं तर आत्याने काकांचं जुनं धोतर फाडून दुपटी शिवायला घेतली. भाडोत्रीच्या पोराला दुपटी, असं आई म्हणाली. आत्याने सुई थांबवली नाही.

मग ग्वाल्हेरहून हंबीरराव गेल्याची बातमी आली. हंबीरराव म्हणजे आत्याचे थोरले दीर, खरे. आत्याला दहा दिवसांचं सुतक. आम्हाला नाही, आम्ही माहेरचे. त्याच आठवड्यात पौर्णिमा होती नी नयनाच्या सातव्या महिन्याचं म्हणून जनार्दनने सत्यनारायण ठेवला होता. मी आत्याला म्हटलं, चल, उचलून नेते. ती म्हणाली, मला सुतक आहे ना गं, मी पूजेत कशी येऊ, तू जा, तिला वाकू देऊ नको.

बघा म्हणजे. ती असं बोलली, मी ते ऐकलं, बाबांनी ऐकलं, नी कोणाच्या पण डोक्यात आलं नाही. आत्याने जगाला सांगितलं होतं की हा माझ्या सासरचा पुतण्या, म्हणजे सुतक त्याला पण. स्वतःला सांगायची राहिली होती.

पूजा छान चालली होती. केळीचे खांब, भटजी घाईत, शिऱ्याचा वास जिन्यापर्यंत. आरती संपली नी दारात उदयसिंहकाका उभे. पांढरा झब्बा, पांढरी टोपी, हात जोडलेले. मला वाटलं प्रसादाला आले. मग त्यांचा चेहरा बघितला. ते चौरंगाकडे बघत होते, मग जनार्दनच्या सोवळ्याकडे, मग नयनाच्या गजऱ्याकडे. ते हंबीररावांच्या घरच्यांचं सांत्वन करायला आले होते.

जनार्दन आनंदाने पुढे झाला, या काका, बसा, वेळेवर आलात. काका बसले. द्रोण हातात घेतला. नी हळूच विचारलं, "हंबीरराव तुमचे कोण लागायचे?"

"कोण हंबीरराव?" जनार्दन म्हणाला.

 काकांनी शिरा शेवटच्या कणापर्यंत खाल्ला, प्रसाद टाकत नाहीत ना. नयनाच्या डोक्यावर हात ठेवला नी उतरून गेले. जनार्दनने मला विचारलं, माणूस चांगला आहे ना? मी म्हटलं, तू गप बस.

आठवड्याभरात वकिलाची नोटीस आली. मालकाच्या संमतीशिवाय पोटभाडेकरू ठेवला, सबब जागा खाली करून ताबा द्या, नाहीतर दावा.

मी भडकले. समरजितच्या अंगावर जाणार होते, बाबांनी लूनाची किल्ली काढून घेतली. मग आम्ही तिघं रिक्षाने न्यायमंदिराजवळ लक्ष्मीकांत वकिलांकडे गेलो. आत्याला दोन्ही बाजूंनी धरून.

वकिलांनी सगळं ऐकलं नी चष्मा काढला. म्हणाले, जुन्या भाड्याच्या घराला कायदा संभाळतो, पण मालकाला न विचारता दुसऱ्याला भाड्याने दिलं की ते संभाळणं संपतं. मग मालक ताबा मागू शकतो. बाबा म्हणाले, जनार्दनला उद्याच काढतो की. वकील म्हणाले, काढलं तरी दिलं होतं ते पुसलं जात नाही. नी निकाल तुमच्याविरुद्ध लागला तर त्याला पण निघावंच लागेल, त्याचा हक्क तुमच्या हक्कावर लटकलेला.

"आणि सहा महिन्यांचं?" आत्याने विचारलं. "बंद ठेवलं असतं तर घर गेलंच असतं ना?"

वकील म्हणाले, "वाजवी कारण नसेल तर. पाय मोडणं हे वाजवी कारण आहे, मंदाकिनीबाई. डॉक्टरचे कागद होते तुमच्याकडे. कुलूप लावून आला असता तर या कलमाची भीती नव्हती."

आत्याने नोटिशीची घडी घातली, परत उघडली. 

वाट होती एक, वकिलांनी सांगितली. कोर्टात मालकाला दोन गोष्टी दाखवायला लागतात, ताबा खरोखर दुसऱ्याकडे गेला नी त्याबद्दल पैसे घेतले. पैशाची चिठ्ठी कुठेच नव्हती. आतल्या खोलीत आत्याची दोन कपाटं होती. पाहुणा म्हणून राहत होता म्हणायचं, ताबा माझाच होता म्हणायचं. केस वर्षानुवर्षं चालेल, कदाचित जिंकू पण. मी म्हटलं, बरोबर, असंच करायचं. आत्याने विचारलं, हे शपथेवर बोलायचं? वकील म्हणाले, हो, शपथेवर. मग आत्या म्हणाली, रिक्षा बोलाव.

सुतक फिटल्यावर ती मला घेऊन उदयसिंहकाकांच्या ओट्यावर गेली. समरजित झोपाळ्यावर होता, उठला नाही. काकांनी खुर्ची आणली. आत्या बसली नी सरळ बोलली.

"भाऊसाहेब, तो माझा कोणी नाही. मी भाड्याने ठेवला. तुमच्याशी खोटं बोलले."

 काका म्हणाले, "वहिनी, घराचं सोडा. मी पांढरे कपडे घालून वर गेलो. हंबीरराव नी मी एका आखाड्यात होतो. वाटलं, त्याच्या घरचं कोणी आहे इथे, दोन शब्द बोलू. नी तो मुलगा मला विचारतो, कोण हंबीरराव."

आत्याने पदर तोंडाला लावला. "मी विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."

"हो, म्हणालो असतो," काका म्हणाले. नी दोघं पण एकदम हसली, रडत रडत. समरजितला काही कळेना.

तो मध्ये पडला. म्हणाला, बाबा, कबूल केलं ना यांनी, आता दावा टाकू, दोन वर्षांत मोकळं. काका म्हणाले, टाक, मी साक्षीला येणार नाही. मग ते आत्याकडे वळून म्हणाले, तुम्ही स्वतः येऊन राहा. जोवर आहात तोवर घर तुमचं. पण तुमच्यानंतर ते माझ्या मुलाचं.

"ही पोरगी येणार ना सोबत?" समरजितने माझ्याकडे बोट केलं. "काकूंजवळ राहील नी उद्या त्यांच्यामागे म्हणेल मी घरातली, भाडूत मी. कायद्यात बसतं ते. मला माहीत आहे."

मी उठलेच. म्हटलं, "मला आत्या पाहिजे, तुझं खोपटं नको. तिच्या तेराव्याला किल्ली घेऊन जा." बोलून गेले नी आत्याकडे बघायची हिंमत होईना. माणूस समोर बसलेलं नी मी त्याचं तेरावं काढलं. आत्या म्हणाली, "चौदाव्याला ने रे, समरजित. तेराव्याला भांडी लागतील."

समरजितला हे कागदावर पाहिजे होतं. काका म्हणाले, नको, ही रागात बोलली आहे, रागात माणूस खोटं बोलत नाही. त्यांनी वकिलाला नोटीस मागे घ्यायला सांगितली. नी एक कागद मात्र स्वतःच्या हाताने लिहून दिला, की जनार्दन नी नयनाने बाळंतपण होऊन उठेपर्यंत मंदाकिनीबाईंबरोबर राहायला माझी संमती आहे. खाली सही. असा कागद आधी मागायचा असतो, हे आम्हाला सगळं झाल्यावर कळलं.

जनार्दनने वासण्याला एक खोली बघितली, बाळंतपणानंतरची. पढवलेलं विसरला तरी आत्याला काकूच म्हणत होता.

डॉक्टरांनी चालेल म्हटल्यावर आम्ही आत्याला घेऊन गेलो. बाबा खाली सामानापाशी. मी तिच्या मागे, एक हात तिच्या कमरेला. ती एक पाय ठेवायची, दुसरा ओढून त्याच पायरीवर आणायची, थांबायची. पहिल्या मजल्यावर खाली बसली. मी म्हटलं पाणी आणू? मान हलवून नाही म्हणाली, घामाने निथळत होती, नी परत उठली.

दुसऱ्या मजल्यावर दार उघडंच होतं. उंबऱ्याबाहेर नयनाच्या चपला. आतून कुकरची शिट्टी. मला वाटलं आत्या आता आत घुसेल, महिनोन्महिने हेच तर मागत होती. पण ती चपलांपाशीच उभी राहिली, पदर नीट केला, नी दाराला बोटाने टकटक केलं.

"येऊ का गं, नयना?"

नयना पोट सांभाळत आली.  मग ती बाजूला झाली नी आत्याचा हात धरून तिला तिच्या घरात घेतलं.