भाषणातलं सहावं वाक्य

निरोपाच्या भाषणाला सहा वाक्यं पुरतात, हा त्या कचेरीतला कायदा मसुदेकाकांनीच केलेला. पहिल्यात साहेबांचे आभार, दुसऱ्यात आधीच्या साहेबांची आठवण, तिसऱ्यात सहकारी, चौथ्यात शिपाई, पाचव्यात घरची मंडळी, आणि सहावं ठरलेलं, ‘कळत-नकळत कुणाला दुखावलं असेल तर मोठ्या मनाने क्षमा करावी.’ त्यापुढे गेलं की चहा गार होतो आणि मागच्या खुर्च्या कुरकुरायला लागतात. बत्तीस वर्षांत चोवीस माणसं निवृत्त झाली, आणि चोवीसही जणांनी काकांच्या हातचं भाषण केलं. माणूस आदल्या दिवशी यायचा, टेबलाच्या कडेला घुटमळायचा, म्हणायचा, “काका, चार ओळी द्या हो, मला मेलं उभं राहिलं की काही सुचत नाही.” काका द्यायचे. साहेबांचं नाव बदलायचं, बाकी मजकूर तोच. मसुदेकाका हे नाव उगीच पडलं नव्हतं. आईबापांनी ठेवलेलं नाव आता फक्त हजेरीपटावर उरलं होतं.

आज पंचविसावा माणूस ते स्वतःच होते. चार ओळी मागायला जायचं कुणाकडे? तोच कागद खिशात घातला आणि आले.

सकाळपासून त्यांना काहीच वाटत नव्हतं. रडू येईल म्हणून बायकोने दोन रुमाल दिले होते. दोन्हींची घडीसुद्धा मोडली नव्हती. टेबलाचे खण रिकामे केले, किल्ल्या दिल्या, कुणी पाया पडलं, कुणी गळ्यात पडलं. सगळं जणू काचेपलीकडे चाललं होतं. परमेश्वराने माणसाला मन दिलं, आणि कधीकधी तो ते थोडा वेळ परत मागून घेतो. तसं काहीसं.

साडेचारला जुन्या फायलींच्या खोलीत खुर्च्या मांडल्या. पहिल्या रांगेत काकांची बायको, मांडीवर पर्स घट्ट धरून. साहेब बोलले. काकांची शिस्त, काकांचं अक्षर, काकांमुळे एकही पत्र कधी परत आलं नाही. मग घड्याळाची डबी उघडली.

तिथे एक रीत होती. घड्याळ साहेबांनी बांधायचं नाही. ज्याची निवृत्ती पुढची, त्याने बांधायचं. रांगेतल्या मागच्याने पुढच्याला वाट करून द्यावी, तसं. पुढचा नंबर टायपिस्टबाईंचा होता, चार महिन्यांनी. टाइपरायटर कधीच भंगारात गेला होता, बाई संगणकावर काम करत. पण नाव चिकटलं ते चिकटलं.

बाईंनी घड्याळ डबीतल्या छोट्या उशीवरून सोडवलं, किल्लीखालचा प्लास्टिकचा तुकडा काढला, किल्ली आत दाबली. सेकंदकाटा चालू झाला. काकांनी डाव्या बाहीचं बटण सोडून हात पुढे केला.

“कितव्या भोकात?” बाई हळूच म्हणाल्या.

“दुसऱ्या.”

“तिसऱ्यात बसेल. वाळलात तुम्ही.”

टाळ्या झाल्या. बाईंची बोटं मनगटावर होती, आणि काकांना तेवढ्या वेळात त्यांचं सेवापुस्तक आठवत होतं.

गोष्ट एकोणीस वर्षांपूर्वीची. वरच्या कचेरीचं एक मुदतीचं पत्र होतं. उत्तर वेळेत गेलं नाही, चौकशी लागली. काका म्हणाले, “मसुदा मी टायपिंगला दिला होता.” बाई म्हणाल्या, “माझ्याकडे आलाच नाही.” काकांचा शब्द वजनदार, बाई या कचेरीत नवख्या. बाईंच्या सेवापुस्तकात शेरा बसला: कामात हलगर्जी. त्यापायी बढतीचा नंबर गेला, तो गेलाच. बाईंच्या मागून आलेले त्यांच्यावर जाऊन बसले. चौकशी मिटल्यावर दोन दिवसांनी मसुदा सापडला. काकांच्याच खणात, दोन रजिस्टरांच्या मध्ये. काकांनी तो गुपचूप फाइलला लावला आणि खण बंद केला. खण बंद झाला की झालं, असं त्यांना वाटलं.

पण गेल्या आठवड्यात बाईंचे निवृत्तीचे कागद करायची पाळी आली. ते काम काकांच्याच टेबलाचं. सेवापुस्तक उघडून एकेक नोंद उतरवायची असते. काकांनी त्यांच्या त्या नावाजलेल्या अक्षरात उतरवलं: कामात हलगर्जी. लिहून झालं, टिपकागद दाबला. तेव्हापासून हे असं, काहीच न वाटणं.

“काका, बोला!” मागून कुणीतरी ओरडलं. “सहाच वाक्यं हां!”

हशा पिकला. काकांनी कागद काढला. साहेबांचे आभार मानले. आधीच्या साहेबांची आठवण काढली. मग घड्याळ बांधलेला हात वर केला आणि चोवीस जणांनी केलेला, सहा वाक्यांत न मोजायचा विनोद केला, “बत्तीस वर्षं कचेरीच्या घड्याळावर चाललो. आता घड्याळ माझं...”

“आणि वेळही माझी!” सगळ्या खोलीने एका सुरात पुरं केलं. शिपायाने तर शिट्टी मारली.

सहकाऱ्यांचे आभार झाले. शिपायाचे झाले. “माझ्या कुटुंबाने सगळं सांभाळलं, म्हणून मी इथे बसू शकलो,” म्हटल्यावर बायकोने पदर डोळ्याला लावला. सहावं वाक्य आलं.

“कळत-नकळत कुणाला दुखावलं असेल...” काका म्हणाले आणि थांबले.

कागदावर पुढचे शब्द स्पष्ट होते. पण जीभ तिथून पुढे सरकेना.

“असेल नाही,” ते म्हणाले. “दुखावलंय. टायपिस्टबाईंना. त्या पत्राचा मसुदा मी त्यांना दिलाच नव्हता. माझ्या खणात होता. दोष माझा होता, शेरा त्यांना लागला.”

आणि काय झालं असेल? टाळ्या! मागच्या रांगेतून कडकडून टाळ्या. निरोपाच्या भाषणात माणूस स्वतःला लहान करून घेतोच, ही रीतच आहे. “वा काका! याला म्हणतात मन!” कुणी म्हणालं. साहेब हसून पुढे झाले, “बघा, जातानासुद्धा दुसऱ्याचा दोष स्वतःच्या अंगावर...”

“विनय नाही हो हा,” काका म्हणाले. आवाज चढवला नाही, चढवायला आत काही नव्हतं. कचेरीत वाचून दाखवतात तसं त्यांनी फाइलचा क्रमांक सांगितला, पत्राची तारीख सांगितली, मसुदा सापडला ती तारीख सांगितली, आणि फाइलच्या कितव्या पानावर तो त्यांनी लावला तेही सांगितलं. “क्षमा करावी” राहूनच गेलं. कागदाची घडी घालून ते बसले.

टाळ्या कुठे विरल्या कळलं नाही. क्रमांक ऐकला की कचेरीतल्या माणसाला खरं-खोटं कळतं.

“चहा आणा रे,” साहेब घाईने म्हणाले.

“चहा थांबवा, साहेब.” टायपिस्टबाई उभ्या राहिल्या. डोळे कोरडे होते, चेहऱ्यावर राग म्हणावा तर रागही नव्हता. काकांकडे वळून म्हणाल्या, “भाषणातलं इथे कोण धरतं? उद्या म्हणतील, काका भावनेच्या भरात बोलले. लेखी द्या. आवक टेबल पाचला बंद होतं.”

“अहो बाई, आजच्या दिवशी...”

“आजच, साहेब. आज हे कर्मचारी आहेत. उद्या बाहेरचे. बाहेरच्याच्या कागदावर माझी फाइल कुणी उघडणार नाही, हे मला यांनीच शिकवलंय.”

साहेबांनी काकांना दंडाला धरून खिडकीपाशी नेलं. “काका, तुमचे स्वतःचे पेन्शनचे कागद अजून माझ्या सहीला पडलेत. हे लेखी आलं तर मला ते अडवावे लागतील. किती महिने, देव जाणे. बोललात ना? मन मोकळं झालं ना? बास.”

मन मोकळं झालं होतं का? काकांनी चाचपून पाहिलं. आत काही हललं नव्हतं.

“द्या कागद,” ते म्हणाले.

बायको जवळ आली होती. “एकोणीस वर्षं माझ्या शेजारी बसून जेवलात,” ती म्हणाली, “आणि एक घास अडला नाही तुमचा?”

“नाही अडला,” काका म्हणाले. खरंच नव्हता अडला.

मग पर्स उघडून तिनेच पेन काढून दिलं. “लिहा मग. आता अडवू नका स्वतःला. कागदांचं बघू काय व्हायचं ते.”

खोलीतले सगळे उभे. आयुष्यभर दुसऱ्यांचे मसुदे केले, पण स्वतःचा लिहिताना काकांना पहिलं वाक्यच सापडेना. हात सवयीने चालला: ‘माझ्याकडून नकळत...’

“‘नकळत’ खोडा,” बाई खांद्यामागून म्हणाल्या. “सापडल्यावर तरी कळत होतं ना?”

काकांनी खोडलं, खोडल्याजागी सही केली, नियमाप्रमाणे. मग लिहिलं: मसुदा माझ्या खणात होता. मला सापडला. मी कुणाला सांगितलं नाही. सदर कर्मचाऱ्याचा त्यात दोष नाही. तीन-चार ओळी. बत्तीस वर्षांत त्यांनी इतकं आखूड काही लिहिलं नव्हतं. खाली नाव, हुद्दा, तारीख. हुद्दा लिहिताना पेन जरा थबकलं. तो शब्द आता शेवटचाच लिहायचा होता.

आवक टेबलावरच्या मुलीने पाचला सहा मिनिटं असताना शिक्का मारला, क्रमांक टाकला, दुसऱ्या प्रतीवर पोच दिली. बाईंनी ती प्रत उभ्याउभ्याच वाचली, ओठ हलवत, एकदा आणि पुन्हा एकदा. मग घडी करून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली.

“बाई,” काका म्हणाले, “मी तुमची...”

“राहू द्या हो ते. माझ्याकडे आत्ता त्याला जागा नाही.” त्यांचा आवाज तिखट नव्हता, नुसता दमलेला होता. “चार महिने आहेत माझे. तेवढ्यात हा कागद हलतो का ते बघायचं. इथले कागद कसे हलतात, तुम्हाला मी सांगायला नको.”

नकोच होतं. कुठल्या टेबलावर कागद किती दिवस झोपतो, कुणाला दोनदा आठवण द्यावी लागते, कोण तिसऱ्यांदा विचारल्याशिवाय फाइल उघडतच नाही, सगळं काकांना तोंडपाठ होतं. आणि किल्ल्या तर दुपारीच दिल्या होत्या.

“मी येत जाईन विचारायला,” ते म्हणाले. “दर आठवड्याला.”

“बाहेरच्या लोकांची वेळ तीन ते पाच,” बाई म्हणाल्या. “खाली पास घ्यावा लागतो. बाकावर बसवतात.”

“माहितीये. तो नियम मीच लिहिलाय.”

बाईंच्या ओठाची एक कड हलल्यासारखी झाली, पण तेवढंच. त्या आपल्या टेबलाकडे गेल्या. एक पत्र अर्धं टाइप व्हायचं होतं. चहा आला, गार झालेला. दोघा-तिघांनी घेतला, कुणी काकांकडे पाहिलं नाही. बायको दाराशी चपला घालत उभी होती.

“चला,” ती म्हणाली.

“सोमवारी यायचंय मला इथे,” काका म्हणाले. “तीन वाजता.”

“जेवून निघा,” ती म्हणाली. “बाकावर किती वेळ बसवतील, काय सांगावं.”