अडतीस सेकंदांची जत्रा

कार्तिकातल्या जत्रेचा तो व्हिडिओ दीपमालाच्या फोनवर आला तेव्हा ती शाळेतून नुकतीच घरी पोचली होती. दीपमाला गवई अकोल्याजवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवायची आणि आई केशरबाईसोबत अकोल्यातच जठारपेठेच्या मागच्या बाजूला राहायची. व्हिडिओ अमरावतीहून चुलतभाऊ सुगतनं घरच्या ग्रुपवर टाकला होता. खाली एकच ओळ होती. ‘हा संघपाल तर नाही?’

संघपाल दीपमालाचा धाकटा भाऊ. पोलीस भरतीत तिसऱ्यांदा नाव लागलं नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशी अमरावतीच्या लायब्ररीत जातो म्हणून निघाला आणि परत आलाच नाही. त्याला नऊ वर्षं झाली होती. पोलिसांत तक्रार झाली, नाशिक-पुण्यापर्यंत फोटो लावून झाले. हळूहळू घरात त्याचं नाव निघेनासं झालं. केशरबाई मात्र कधीकधी दोन ताटांऐवजी तीन काढायची आणि मग एक ताट निमूटपणे परत ठेवायची.

व्हिडिओ अडतीस सेकंदांचा होता. कौंडण्यपूरचं देऊळ, वर्धा नदीकडे उतरणाऱ्या पायऱ्या, दुपारचं ऊन, माणसांची दाटी. बाराव्या सेकंदाला पांढऱ्या शर्टातला एक माणूस मान वळवून कॅमेऱ्याकडे बघत होता. त्याची चाल, खांदा जरा खाली सोडून चालणं, थेट संघपालचं होतं. चेहरा मात्र नव्हता. म्हणजे होता, पण डोळ्यांच्या जागी दोन मळकट चौकोन आणि तोंडाच्या जागी एक डाग. दीपमालानं थांबवून पाहिलं, मोठं करून पाहिलं. मोठं केलं की चौकोन तेवढे मोठे होत. आणि जितका वेळ बघावं तितका तो संघपाल वाटायला लागे.

तिनं आईला बोलावलं. केशरबाईच्या एका डोळ्यात मोतीबिंदू उतरलेला. तिनं फोन जवळ धरला, व्हिडिओ दोनदा पाहिला आणि बोट ठेवलं.

“हा इथं उभा आहे,” ती म्हणाली.

बोट पांढऱ्या शर्टावर नव्हतं. पार डाव्या कडेला, झाडाखाली, दुकानाच्या कापडाशेजारी जो करडा अंधार होता, त्यावर होतं. दीपमालानं आईचं बोट हळूच धरून मधल्या माणसावर आणलं. केशरबाईनं ते काढून पुन्हा कडेला ठेवलं. तिथं काहीच नव्हतं, नुसता सपाट राखाडी पट्टा. आईला आता फार कमी दिसतं, असं मनाशी म्हणून दीपमालानं फोन बाजूला ठेवला.

सुगतनं दुसऱ्या दिवशी तोच व्हिडिओ एचडीमध्ये म्हणून पुन्हा पाठवला. चौकोन तसेच होते. येत्या रविवारी तो कौंडण्यपूरला जाऊन दुकानदारांना फोन दाखवून आला. कुणी म्हणालं हा अमक्याचा जावई, कुणी म्हणालं हा तमका. एक म्हातारा म्हणाला, याले तर थोबाडच नाही, ओळखू कोनाले. सुगत हे फोनवर हसत सांगत होता. दीपमालाला मात्र त्या बिनचेहऱ्याच्या माणसाची भीती वाटू लागली होती. वर्गात फळ्याकडे तोंड करून लिहिताना आपल्या पाठीमागे तो मान वळवतो आहे असं तिला वाटे.

मग तिनं उलटा माग काढायला घेतला. सुगतला व्हिडिओ त्याच्या ऑफिसातल्या एकाकडून आला होता. त्यानं तो मेहुण्याच्या स्टेटसवरून उतरवून घेतला होता. मेहुण्यानं कौंडण्यपूर गावच्या ग्रुपवरून घेऊन शेवटचा भाग छाटला होता. चौथ्या फोनला उद्धव देशपांडेचं नाव मिळालं. अमरावतीत राजापेठेत शिकवणीच्या क्लासखाली त्याचा स्टुडिओ होता, लग्नकार्याचं शूटिंग करायचा. जत्रेचा व्हिडिओ त्यानंच काढून त्या गावच्या ग्रुपवर टाकला होता.

दीपमालानं त्याला सगळं खरं सांगितलं.

“मॅडम, तुमच्याजवळ आहे तो माझा व्हिडिओ नाहीच, त्याचा गाळ आहे,” तो म्हणाला. “मी ग्रुपवर टाकला तेव्हाच व्हॉट्सॲपनं त्याले दाबून लहान केलं. लवकर जावा, कमी जागा घ्यावी म्हणून ते तसंच करते. एचडी म्हणून धाडला तरी दाबतेच, जरा कमी एवढंच. नुसता फॉरवर्ड केला असता तं तीच फाइल पुढं गेली असती. पण कोनी स्टेटसवर टाकला, कोनी उतरवून घेतला, कोनी छाटून पुन्हा धाडला. हरेक बारीनं तो नव्यानं दाबल्या गेला.”

दीपमालानं विचारलं की यातूनच पुन्हा साफ करता येईल का. उद्धव म्हणाला, “जे गेलं ते त्यात उरलंच नाही. कुठून आणणार? मशीननं साफ केला तं ते आपल्या मनानं चेहरा बनवून देईल. तो तुमचा भाऊ नसेल.”

हे वाक्य तिच्या डोक्यात अडकून राहिलं. इतके दिवस आपणही तेच करत होतो. चौकोनांवर आपल्या मनानं चेहरा बसवत होतो.

मूळ फाइल उद्धवच्या कॉम्प्युटरवर होती. तो म्हणाला, ती मी ड्राइव्हवर चढवतो आणि तुम्हाले फक्त लिंक धाडतो. लिंक म्हणजे नुसता पत्ता. व्हॉट्सॲपमधून पत्ता जाईल, व्हिडिओ जागचा हलणार नाही, म्हणून त्याले कोनी दाबू शकत नाही. संध्याकाळी लिंक आली. दाबल्यावर परवानगी मागा असं आलं. उद्धवनं लिंक असलेल्या कुणालाही बघता येईल असं करून दिलं. आता व्हिडिओ उघडला, पण तोही अंधुकच चालू झाला. दीपमालाचा धीर सुटला. तिनं पुन्हा फोन केला. उद्धव म्हणाला, तिथं चालते ती बघण्यापुरती हलकी प्रत आहे, तिच्यावर जाऊ नका. डाउनलोड करा, मग उघडा.

फोनवरचा व्हिडिओ चार एमबीचासुद्धा नव्हता. ही फाइल साडेचारशेची होती. लॅपटॉपवर ती उतरायला वीस मिनिटं लागली. केशरबाई शेजारी खाटेवर लसूण सोलत बसली होती.

उघडल्याबरोबर दीपमाला दचकली. तीच जत्रा होती, पण कुणीतरी काच पुसल्यासारखी. पायरीवर सांडलेला गुलाल दिसत होता. बाराव्या सेकंदाला पांढऱ्या शर्टातल्या माणसानं मान वळवली. भरल्या गालांचा, दाट मिशांचा, पन्नाशीचा कुणी परका गृहस्थ. त्याच्यात संघपालचं काही नव्हतं. खांदा खाली होता तो हातातल्या पिशवीच्या वजनानं.

तिला रडू आलं नाही, उलट सुटल्यासारखं झालं. लॅपटॉप मिटणार तोच तिला आईचं बोट आठवलं. तिनं डावी कड मोठी केली.

झाडाखाली एक माणूस उभा होता.

राखाडी शर्ट, मागं राखाडी कापड, वरून सावली. वाळलेला, दाढी वाढलेली. डाव्या भुवईला ती खाच, लहानपणी अंगणातल्या दगडावर पडला होता तेव्हाची. माणसं त्याच्या पुढून जात होती, येत होती. तो त्या अडतीस सेकंदांत जागचा हलला नाही. आणि तो थेट कॅमेऱ्याकडे बघत होता.

दीपमालानं फोनवरचा व्हिडिओ काढून शेजारी ठेवला. तीच चौकट, तेच झाड. तिथं तो सपाट पट्टाच होता. ती विज्ञानाची शिक्षिका, तिला त्यातलं कळत होतं. तिथं त्याचा चेहरा पाच-सहा ठिपक्यांचा झाला होता, आणि सावलीतलं असं बारीकसारीक दाबताना सगळ्यात आधी पुसलं जातं. त्या फोनवर तो कुणाच्याच डोळ्यांना दिसणं शक्य नव्हतं. दोन्ही डोळे धड असते तरी.

“आई, तुले कसा दिसला?” तिनं विचारलं.

केशरबाईनं लसणाची पाकळी वाटीत टाकली. “दिसला कुठं मले,” ती म्हणाली. “तो तिथं होता.”

तिनं लॅपटॉपकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

दीपमालानं ती चौकट फोटो म्हणून काढली आणि फोटोही ड्राइव्हवर ठेवून सुगतला लिंकच पाठवली. शनिवारी अर्धी शाळा करून ती अमरावतीला गेली आणि सुगतच्या गाडीवर कौंडण्यपूर गाठलं. जत्रा उठली होती, घाटावर पत्रावळी उडत होत्या. नारळवाला शालिकराम तेवढा बसून होता. ‘याले तर थोबाडच नाही’ म्हणणारा म्हातारा हाच. त्यानं फोटो पाहिला आणि लगेच म्हणाला, “हा तं मुका. मंडपवाल्यासंगं येते. बोलत नाही कोनाशी. आर्वीले राहते, गोदामात.”

आर्वी नदीपलीकडे. पोचेपर्यंत दुपारचे तीन वाजले. गोदामाच्या पत्र्याखाली संघपाल पडद्यांच्या घड्या घालत होता. त्यानं वर पाहिलं, दीपमालाला ओळखलं, आणि हातातली घडी पुरी करूनच उठला. पळाला नाही. जणू कुणी येणार हे त्याला माहीत होतं.

दीपमाला त्याचा हात धरून बसली. मग तोच बोलला. लाज वाटत होती, मग वर्षं गेली, मग वर्षांचीच लाज वाटू लागली, एवढंच त्याचं म्हणणं होतं. सुगतनं व्हिडिओचं सांगितलं तेव्हा त्यानं मान खाली घातली.

“जत्रेत मले आईनं हाक मारली,” तो म्हणाला. “कॅमेरावाल्याच्या मागून. ‘संघ्या’ म्हणून. मी पाहत राहिलो. तिथं कोनी नव्हतं. वाटलं आणखी एक बार मारंल, म्हणून उभा राहिलो.”

जत्रेच्या दिवशी केशरबाई अकोल्याला घरी होती. सात महिन्यांत ती गल्लीच्या तोंडापलीकडे गेली नव्हती.

परतताना राजापेठेत थांबून दीपमालानं उद्धवला विचारलं. तो म्हणाला, माझ्या मागं घाटाची भिंत होती, पाठ टेकून शूट केलं, तिथं माणूस उभं राहायला जागाच नाही. घरी येऊन तिनं कानात हेडफोन घालून मूळ फाइल पुन्हा लावली. आवाजही जसाच्या तसा होता. भोंगा, घंटा, पिपाणी, एका बाईचं हसणं. हाक नव्हती. तीन वेळा ऐकली, नव्हती. पण चौथ्या वेळी तिनं आवाज बंद करून नुसतं झाडाखाली पाहिलं. एकतिसाव्या सेकंदाला संघपालचे ओठ गोल झाले. एकच अक्षर.

‘ओ.’

तिनं लॅपटॉप मिटला. आई स्वयंपाकघरात होती. दीपमाला दारात जाऊन उभी राहिली. विचारावं की नाही, हे ठरवायला तिला वेळ लागला.

“आई, जत्रेच्या दिवशी तू संघपालले हाक मारली होती का?”

केशरबाई तव्यावरची भाकर उलटत होती. “त्या दिवशीचं काय घेऊन बसली,” ती म्हणाली. “हाक तं मी रोजच मारून राहिली.”

संघपाल पुढच्या पंधरवड्यात अकोल्याला आला, दोन दिवस राहून परत गेला. आता महिन्यातून एकदा येतो. आर्वी सोडायचं म्हणत नाही, आणि कुणी त्याला तसा आग्रहही करत नाही. जानेवारीत उद्धवचा फोन आला. ड्राइव्ह भरली आहे, ती फाइल पुसली की तुमची लिंक बंद पडेल, चालेल का, असं विचारत होता. दीपमालानं दोन पेनड्राइव्हवर फाइल उतरवून घेतली होती. चालेल, असं ती म्हणाली. ते पेनड्राइव्ह अजून कपाटात आहेत. तिनं ते पुन्हा लावून पाहिले नाहीत.