मऊ पडलेलं अडेनियम

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर प्रभावतीबाई भोसरीच्या घरी न येता लेकीकडे, कुरुळीला गेल्या. भोसरीचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. लेकीचं, म्हणजे वर्षालीचं, घर तळमजल्यावर. जाताना त्यांनी सुनेला, स्वरूपाला, गॅलरीतल्या कुंड्या दाखवल्या आणि अडेनियमपाशी थोडं जास्त थांबल्या. लातूर सोडून इकडे आल्यावर त्यांनी लावलेलं ते पहिलं झाड. बुंधा नारळाएवढा फुगलेला, उन्हाळ्यात गुलाबी फुलांनी भरून जायचं.

लग्नाला वर्ष होत आलं तरी स्वरूपाला सासूबाईंची जरा धास्तीच होती. झाड सुकू नये म्हणून ती चाकणच्या कंपनीत निघण्याआधी रोज न चुकता पाणी घालायची. खालच्या मजल्यावर ओघळ जातात म्हणून तिच्या नवऱ्याने, सुजितने, कुंडीखाली ताटली ठेवली होती. त्यात पावसाळा. भाद्रपद संपता संपता पानं पिवळी पडून गळाली. स्वरूपाला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून तिने ते वाढवलं. मग एका रविवारी बुंधा चाचपला, तर एका बाजूला बोट आत रुतलं.

सुजित म्हणाला, नर्सरीतून तसंच दुसरं आणू, आईला कळणारही नाही. स्वरूपाला तो विचार क्षणभर बरा वाटला. पण सासूबाईंना त्या झाडाची फांदी न् फांदी पाठ होती, आणि कळल्यावर त्यांचा आपल्यावर पुन्हा विश्वास बसायचा नाही. तिने व्हिडिओ कॉल लावला आणि काय झालं ते सरळ सांगून टाकलं.

प्रभावतीबाईंनी बराच वेळ झाडाकडे पाहिलं. रागावल्या नाहीत. "कुजलं गं ते. लई झालं पाणी," त्या म्हणाल्या. "टाकून दे. आता जीव नको लावूस."

स्वरूपा कंपनीत क्वालिटीला होती. सुटा भाग भंगारात टाकायचा की दुरुस्त करायचा, हे तपासल्याशिवाय ठरवायचं नाही, ही तिची रोजची सवय. तिने फांदी नखाने हलकेच खरवडली. आत हिरवं होतं. बुंध्याचा वरचा भागही घट्ट लागला.

"आई, वरून जिवंत आहे. कापून बघू?"

प्रभावतीबाईंनी फोन डोळ्यांजवळ धरून फांदी पाहिली. मग त्या म्हणाल्या, "सड मधोमध वर चढली असेल तर उपयोग नाही. पण बघ. चीक विषारी असतो, हातमोजे घाल."

स्वरूपाने कुंडी आडवी करून झाड बाहेर काढलं. मातीला आंबूस वास येत होता. मुळं धुतल्यावर बरीचशी तपकिरी निघाली. ओढली की साल हातात यायची. ती सगळी तिने छाटली. मग सुरी स्पिरिटने पुसून बुंध्याचा मऊ भाग पातळ कापांनी काढायला लागली. प्रत्येक कापात तपकिरी डाग दिसत होता. दर कापानंतर ती सुरी पुसायची आणि काप फोनसमोर धरायची, आणि प्रभावतीबाई म्हणायच्या, अजून. बुंधा निम्मा उरला. सुजितला बघवेना, तो आत निघून गेला. स्वरूपाचाही हात थांबला.

"थांबू नको," प्रभावतीबाई म्हणाल्या. "एवढासा डाग ठेवलास तरी पुन्हा सडेल."

आणखी दोन काप गेले. मग पांढराशुभ्र, कोरडा, कुठेही ठिपका नसलेला गर लागला. एका बाजूची काही घट्ट मुळंही शाबूत होती. प्रभावतीबाईंनी पदराने चष्मा पुसला.

जखमेवर बुरशीनाशक पावडर लावून स्वरूपाने झाड सावलीत, वाऱ्यावर ठेवलं. आठवड्याभरात कापलेली जागा सुकून कडक झाली. जुनी माती तिने टाकून दिली. मोठ्या भोकाची छोटी मातीची कुंडी आणली. जाड वाळू, विटांचे बारीक तुकडे आणि थोडंसंच शेणखत मिसळून त्यात झाड बसवलं. ताटली ठेवली नाही. लगेच पाणी घालायचं नाही, असं सासूबाईंनी बजावलं होतं, आणि तेच सगळ्यात अवघड गेलं. सकाळी तांब्या हातात घेऊन ती गॅलरीपर्यंत जायची आणि परत यायची. ऑक्टोबरच्या उन्हात ते खोड नुसतं उभं होतं. रोज संध्याकाळी कुरुळीहून फोन यायचा. आधी झाडाची चौकशी व्हायची, मग ओव्हरटाइमची, मग जेवलीस का, असं.

दिवाळीच्या तोंडावर फांदीच्या टोकाला हिरवे ठिपके दिसले. स्वरूपाने फोटो न पाठवता थेट फोनच केला.

महिन्याभराने प्रभावतीबाई काठी टेकत, प्रत्येक मजल्यावर विसावा घेत भोसरीच्या घरी आल्या. चहाही न घेता गॅलरीत गेल्या. बुंधा एका बाजूने खोलगट, वेडावाकडा झाला होता, पण वर पानांचे झुपके आले होते. त्यांनी तो दाबून पाहिला. दगडासारखा घट्ट.

"मी टाकलं असतं," त्या म्हणाल्या आणि स्वरूपाचा हात धरून हळूच खुर्चीत बसल्या.